मावशीची पंच्याहत्तरी आणि एकोणतिसाचा पाढा

पुण्यात राहणाऱ्या एका भाचीला नाशिकच्या मावशीला पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत, असं समजू. मावशी निवृत्त शिक्षिका, साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या. त्यांच्यासाठी सकाळी सकाळी मेसेज जायला हवा. नातेवाइकांना आणि मित्रमैत्रिणींना कळावं म्हणून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवायचं आहे. संध्याकाळी घरगुती समारंभात हातात द्यायला एक छापील कार्डही हवं. भाचीने आठ-दहा दिवस आधी एका रात्री बसून मजकूर लिहिला:

‘प्रिय मावशी, आज तुला ७५ वर्षं पूर्ण झाली. मी पाचवीत असताना आई आजारी होती, तेव्हा तीन महिने तुझ्याकडे राहिले. तू रोज पहाटे माझ्या दोन वेण्या घालायचीस आणि वेणी घालता घालता पाढे म्हणून घ्यायचीस. एकोणतिसाचा पाढा मला अजून तुझ्याच आवाजात आठवतो. तुला निरोगी दीर्घायुष्य लाभो. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’

मजकूर मनापासून लिहिलेला आहे. त्यातला पाढा तर दुसऱ्या कुणाच्या मावशीला लागू पडणार नाही. तरीही हाच मजकूर जसाच्या तसा तिन्ही ठिकाणी गेला, तर तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी बिघडेल. मेसेजमध्ये तो मावणार नाही. स्टेटसवर तो भलत्यांशीच बोलेल आणि आईच्या आजारपणाची बातमी विनाकारण चारचौघांत नेईल. कार्डावर त्यातला ‘आज’ हा शब्द वर्षभराने कुठल्या दिवसाचा, ते कळणार नाही.

मेसेजची अडचण सर्वांत ढोबळ, कारण ती मोजता येते. साधा एसेमेस म्हणजे १४० बाइटांची एक छोटी पेटी. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर त्यात ७ बिट घेतं, म्हणून १६० अक्षरं बसतात. ही १६०ची मर्यादा १९८५च्या सुमारास ठरली. जर्मनीतले अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर सुचतील तशी वाक्यं आणि प्रश्न टाइप केले, त्यांची अक्षरं मोजली आणि बहुतेक वाक्यं १६०च्या आत संपतात असं त्यांना दिसलं. त्यांच्या मंडळींनी पोस्टकार्डांवरचा मजकूरही पाहिला होता, आणि तोही बहुधा १५०च्या आतच असायचा. म्हणजे फोनवरच्या मेसेजचं माप घेताना टपालाचं कार्ड डोळ्यांसमोर होतं.

देवनागरीला मात्र त्याच पेटीत प्रत्येक चिन्हासाठी १६ बिट लागतात. १४० बाइट म्हणजे ११२० बिट. त्यांना १६ने भागलं की उरतात ७० जागा. अख्ख्या रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर आलं, तरी सगळा मजकूर या ७०च्या हिशेबात जातो. शिवाय इथे ‘अक्षर’ म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षराच्या पोटात लपलेला हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. ‘च्या’ उच्चारायला एक अक्षर, पण यंत्राच्या लेखी च, हलन्त, य आणि काना अशा चार जागा.

‘मावशी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’ हे वाक्य याच पद्धतीने मोजलं, तर बोलताना पंधरा अक्षरं होतात. जागा मात्र मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून ३७ लागतात. सत्तरातल्या अर्ध्याहून अधिक जागा त्या शब्दांनी खाल्ल्या, जे मावशींना त्या दिवशी सगळेच जण पाठवणार आहेत. भाचीचा पूर्ण मजकूर मोजला तर २९९ जागा भरतो. मजकूर सत्तरापलीकडे गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येकात थोडी जागा राखून ठेवावी लागते. त्यामुळे एका तुकड्यात ६७च जागा उरतात. भाचीचा मजकूर पाच एसेमेसांचा झाला. नवे फोन हे तुकडे बेमालूम जोडून दाखवतात. जुन्या साध्या फोनवर ते सुटेही राहू शकतात, आणि एखादा मागे पडला तर मावशींना पाढा आधी आणि वेण्या मागून मिळतील.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. मजकूर छोटा करायचा म्हटलं की आठवण गाळतात आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ तेवढं ठेवतात, कारण तेच मुख्य वाटतं. काम उलट करायला हवं. आठवण ठेवावी, ठरलेलं वाक्य आखडावं.

‘मावशी, पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा! एकोणतिसाचा पाढा अजून पाठ आहे.’

हे मोजलं तर ६३ जागा भरतात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक’ गेलं, कारण ‘पंच्याहत्तरीच्या’ या एका शब्दात वाढदिवस आणि वय दोन्ही आलं. ‘प्रिय’ गेलं, कारण भाचीने नुसतं ‘मावशी’ म्हटलं तरी त्यात ते असतंच. वेण्या, पहाट, तीन महिने, आईचं आजारपण, काहीच सांगावं लागलं नाही. वाचणारी व्यक्ती एकच आहे आणि पाढा म्हटल्याबरोबर बाकीचं सगळं तिला आपोआप आठवणार आहे. ज्या दोघींनी एकच काळ एकत्र घालवला, त्यांच्यात एक शब्द दहा वाक्यांचं काम करतो, आणि एसेमेसला नेमकी अशाच शब्दाची गरज असते. उरलेल्या सात जागांत घरातलं हाक मारायचं नाव लिहिता येतं, ते लिहावंच. केकचं चित्र टाकायचा मोह झाला, तर ते दोन जागा घेतं आणि जुन्या फोनवर बहुधा रिकामा चौकोन होऊन उमटतं. काही फार जुन्या फोनांवर देवनागरीचीही तीच गत होते. म्हणून आठवडाभर आधी ‘मावशी, कशी आहेस?’ एवढा मेसेज मराठीत पाठवावा आणि तो वाचता आला का, ते फोन करून विचारावं.

मावशींकडे व्हॉट्सॲप असतं, तर ही मोजदाद करावी लागली नसती. तरीही आठवण पुढे आणायचा फायदा तिथेही आहे. फोनच्या पडद्यावर वर डोकावणाऱ्या सूचनेत मजकुराची सुरुवातच तेवढी दिसते. वाढदिवसाच्या सकाळी तशा वीस सूचना आलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेकींची सुरुवात एकसारखीच असते.

स्टेटसमध्ये लांबीची काळजी थोडी कमी. अडचण व्याकरणाची आहे.

मेसेज मावशींना उद्देशून असतो. स्टेटस मावशींविषयी असतं, पण ते वाचतात दुसरेच: भाचीच्या ऑफिसमधली माणसं, सोसायटीतले शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी, गॅसवाला, मुलांच्या शाळेतल्या पालकांचा गोतावळा. ज्यांच्याकडे तिचा नंबर आहे आणि तिच्याकडे ज्यांचा, त्या सगळ्यांना ते चोवीस तास दिसतं. मावशींचा फोन साधा, म्हणजे त्यांना ते दिसणारच नाही. कुणी आपला फोन पुढे करून दाखवलं तरच. अशा ठिकाणी ‘आज तुला ७५ वर्षं पूर्ण झाली’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, कुणाला? म्हणून ‘तू’ काढून ‘ती’ आणावी लागते, आणि ती कोण हे पहिल्याच शब्दांत सांगावं लागतं.

‘माझ्या मावशीची आज पंच्याहत्तरी. पाचवीत असताना रोज पहाटे वेणी घालता घालता तिने माझ्याकडून एकोणतिसाचा पाढा पाठ करून घेतला. अजून चुकत नाही. मावशी, खूप खूप शुभेच्छा!’

मेसेजमध्ये गाळलेल्या वेण्या इथे परत आल्या, कारण परक्या वाचकाला नुसत्या पाढ्यावरून काही उमगणार नाही. वेणी घालणारा हात आणि पाढा म्हणणारी मुलगी दिसली, की ज्याने मावशींना कधी पाहिलं नाही त्यालाही त्या कोण हे कळतं. आईचं आजारपण मात्र इथून गेलं. ते खरं असलं, तरी आईची परवानगी न घेता गॅसवाल्यापर्यंत पोहोचवण्याची गोष्ट नाही. शेवटचं एक वाक्य थेट मावशींशी बोलतं, म्हणजे कुणी फोन पुढे करून वाचून दाखवलं, तर त्यांच्या वाट्याचा शब्द त्यात सापडतो.

खरी परीक्षा होते ती हेच स्टेटस घरातल्या दुसऱ्या कुणी उचललं, तेव्हा. इंग्रजीत असा मजकूर फारसा न बदलता दुसऱ्याच्या तोंडी घालता येतो. मराठीत बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात उतरतं आणि नातं सर्वनामात. भाचीच्या मूळ मजकुरात ‘तुझ्याकडे राहिले’ आहे. तिच्या भावाने तो तसाच पाठवला, तर ‘राहिलो’ व्हायला हवं ते राहून जातं आणि उसनवारी पहिल्याच ओळीत उघडी पडते. भाचीच्या नवऱ्याची अडचण त्याहून मोठी. त्याच्यासाठी त्या ‘मावशी’ असल्या तरी ‘तू’ नाहीत. त्याला ‘मावशीची’चं ‘मावशींची’ करावं लागेल आणि ‘तिने’चं ‘त्यांनी’. वेण्या आणि पाढा तर त्याच्या आठवणीतले नाहीतच. त्याने हा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा स्वतःची एक ओळ लिहावी. लग्नानंतर पहिल्यांदा नाशिकला गेल्यावर मावशींनी पानात काय वाढलं होतं, एवढं आठवलं तरी पुरे.

वयाचाही विचार इथेच करायला हवा. ‘आज’ आणि ‘७५ पूर्ण’ हे दोन शब्द एकत्र आले की जन्माची पूर्ण तारीख, सालासकट, सगळ्यांना मिळते. तिच्या जोडीला पूर्ण नाव आणि फोटो असेल, तर बँकेच्या नावाने फोन करणाऱ्या भामट्यांना आयती माहिती हाती लागते, आणि अशा फोनांना वयस्कर माणसंही बळी पडतात. वर दिलेल्या स्टेटसमध्ये मावशींचं नाव, आडनाव, गाव यांतलं काहीच नाही, ते याच कारणासाठी. मावशींना वय जाहीर करायचं आहे का, हेही आधी विचारलेलं बरं. नको म्हणाल्या, तर ‘पंच्याहत्तरी’ऐवजी ‘वाढदिवस’ लिहिल्याने पाढ्याचं काही बिघडत नाही.

पडद्यावर मजकूर किती मोठा दिसावा, हे स्टेटस स्वतः ठरवतं. रंगीत पाटीवर शब्द वाढत गेले की अक्षर बारीक होत जातं, आणि वाचणारा अंगठा तर पुढे सरकायला टपलेलाच असतो. चार छोटी वाक्यं ठीक. वेळ सकाळी सातची बरी, कारण मध्यरात्री बाराला ठेवलेल्या स्टेटसचे पहिले सहा-सात तास लोकांच्या झोपेत जातात. अमेरिकेतल्या मावसभावाकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असेल. ‘आज’ वाचून तो तारखेच्या घोळात पडेल, पण फोन नक्की करेल.

आता कार्ड. इथे जागा भरपूर असते, म्हणून लोक सगळं कोंबतात. कार्डाची अडचण जागेची नाहीच, काळाची आहे. मेसेज दोन मिनिटांत वाचून होतो, स्टेटस दुसऱ्या दिवशी नाहीसं होतं. कार्ड कपाटातल्या साड्यांखाली दहा वर्षं राहतं. समारंभात ते टेबलावर उघडं पडलेलं असणार आणि येणारा-जाणारा ते उचलून वाचणार, म्हणजे तिथेही वाचक एकटा नाही. पुढे कधीतरी नात ते काढून बघेल. तिला ‘आज’ म्हणजे कधी, हे कळायला कार्डावर दिवस, महिना आणि साल पूर्ण हवं.

आकड्याची खात्रीही आधी करून घ्यावी, कारण छापल्यावर दुरुस्ती नाही. १९५१ साली जन्मलेल्या बाईंना २०२६च्या वाढदिवसाला ७५ वर्षं पूर्ण होतात आणि ७६वं लागतं. त्याला ‘७५ व्या वर्षात पदार्पण’ म्हटलं, तर एक वर्ष कमी झालं. काही घरांत पंच्याहत्तरी वर्ष लागतानाच करतात, काहींत पूर्ण झाल्यावर. दोन्ही चालतं, पण कार्डावरचा शब्द आपल्या घरच्या हिशेबाशी जुळला पाहिजे. तिथीचं वेगळंच. अनेक घरांत मोठ्यांचं औक्षण तिथीने होतं, आणि बारा महिन्यांचं चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्याने तिथी आणि तारीख दरवर्षी एकमेकींपासून सरकतात. समारंभ तिथीला असेल, तर कार्डावर तिथी आणि तारीख दोन्ही लिहावीत.

कार्ड सगळ्या कुटुंबाकडून जाणार असेल, तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा पेच पुन्हा येतो, आणि इथे तो एकाच पानावर असतो. भाची ‘तू’ म्हणते, नवरा ‘तुम्ही’, मुलं ‘आजी, तू’. त्यावर जुनी आणि साधी वाट अशी की, छापील भागात सर्वनामच येऊ द्यायचं नाही.

‘पहाटेच्या दोन वेण्या, त्यांच्याबरोबरचा एकोणतिसाचा पाढा आणि पाचवीतल्या मुलीला घर वाटलेलं घर. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाल्याबद्दल आम्हां सर्वांकडून प्रेमाच्या शुभेच्छा.’

त्याखाली तारीख. ‘ते तीन महिने’ आणि आईचं आजारपण इथे शब्दांत नाही. ‘घर वाटलेलं घर’ एवढ्यातून मावशींना ते कळेल आणि टेबलाशी उभ्या पाहुण्याला कळायची गरज नाही. समोरचं पान कोरं ठेवायचं. त्यावर भाचीने ‘तू’ने हातानेच लिहावं, नवऱ्याने ‘तुम्ही’ने, आणि मुलांनी त्यांना येईल तसं. मूळ मजकुरातली आईच्या आजारपणाची ओळ लिहायचीच असेल, तर ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवावी.

छापखान्यात मजकूर बिघडतो तो वेगळ्याच वाटेने. फोनवर टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो. अनेक छोट्या छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात, ज्यांत तीच अक्षरं वेगळ्या क्रमांकांवर बसवलेली असतात. मग मजकूर एका रूपांतरकातून जातो आणि त्यात काही ठरावीक जागा मोडतात: रफार पुढच्या किंवा मागच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. या कार्डात सगळ्यांत नाजूक शब्द ‘वर्षं’. त्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही आहेत, आणि रूपांतरात त्यांतला एक तरी हरवण्याची शक्यता मोठी. त्याच्या खालोखाल ‘पूर्ण’ आणि ‘शुभेच्छा’. प्रूफ आलं की सबंध मजकूर वाचण्याआधी या तीन शब्दांवर बोट ठेवून बघावं. ते धड असतील, तर बाकीचं बहुधा धड असतं. प्रूफ पीडीएफमध्येच मागावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं, आणि त्यात अनुस्वार आहे की धूळ, ते ओळखू येत नाही.

स्वतः रूढ शब्दांत काही लिहायचं ठरवलं, तर एक शब्द मुद्दाम तपासावा: ‘अभीष्टचिंतन’. अभि आणि इष्ट मिळून तो झाला आहे, म्हणून ‘भी’ दीर्घ. चौकातल्या फलकांवर तो इतक्या वेळा ऱ्हस्व छापलेला दिसतो की डोळ्याला तोच बरोबर वाटू लागतो.

कागदाबद्दल दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. पाच बाय सात इंचांचं घडीचं कार्ड जाड, म्हणजे ३०० जीएसएमच्या आसपासच्या कागदावर छापतात. एवढा जाड कागद घडी घालण्याआधी क्रीजिंग करून, म्हणजे दाबून रेघ पाडून घेतला नाही, तर घडीवर रंग तडकतो आणि पांढरी फाटकी रेघ दिसते. दुसरी गोष्ट लॅमिनेशनची. बाहेरून चकचकीत थर चालेल, पण आतल्या पानांवर तो देऊ नका, असं छापखान्यात स्पष्ट सांगावं. त्या थरावर बॉलपेन घसरतं, शाई सुकत नाही, आणि सगळ्यांनी हातांनी लिहायचं ठरवलेलं पान ऐन वेळी निरुपयोगी होतं. अक्षराचा आकारही पंच्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांचा विचार करून ठरवावा. १६ पॉइंटचं अक्षर आणि ओळींमध्ये मोकळं अंतर ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन चिकटतात.

राहतं कार्डाचं मागचं पान. तिथे बहुधा छापखान्याचं नाव असतं, नाहीतर फुलांची नक्षी. भाचीला तिथे काहीतरी छापता येईल, जे सत्तर जागांत बसलं नसतं आणि स्टेटसवर कुणी थांबून वाचलं नसतं: सबंध एकोणतिसाचा पाढा, एकाखाली एक, दहा ओळींत. २९, ५८, ८७, ११६, १४५, १७४, २०३, २३२, २६१, २९०. त्याला शीर्षक नको, खुलासा नको. फक्त प्रूफ तपासताना तो कागदावरून वाचू नये. नवऱ्याने कार्ड हातात धरावं आणि भाचीने समोर बसून, पाठ आहे तसा, एकोणतीस एके एकोणतीसपासून म्हणत जावा.